पाणी पहिलं कुठनं आलं

बसा गड्यांनो, जरा सरकून बसा. चहा उकळंपतूर एक गोष्ट सांगतो. पुराची हाय, पर हिच्यात कोण वाहून जात न्हाई. जातंय ते दुसरंच. ध्यान दिऊन ऐका, कारण शेवटाला तुमच्याकडं एक काम लावणार हाय मी.

गावाचं नाव सांगत न्हाई. कृष्णाकाठचं हाय, सांगलीच्या वरच्या अंगाला, एवढ्यावर भागवा. त्या गावात क्रांतीबाई म्हणून एक मास्तरीण हुती. मूळची सातारकडची, कोरेगावची. नोकरीपायी आली, हितंच रिटायर झाली, आन मालक वारल्यावरबी हितंच ऱ्हायली. डेअरीची जुनी शेड मोकळी पडल्याली, तिथं तिनं वाचनाची बैठक काढली. दर बेस्तरवारी दुपारचा चहा झाला, की म्हातारी माणसं यायची, दुधाच्या क्रेटा पालथ्या घालून बसायची. बाईनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पेपर असू दे, शेतीचं मासिक असू दे, न्हाईतर वाण्याच्या पुड्याचा कागद असू दे. छापल्यालं असलं की झालं.

पहिल्या पहिल्यांदा बैठक काय रंगंना. बाई शाळंतल्यावाणी विचारायची, "पूर्वीचं गावातलं जीवन कसं होतं?"

गुंडातात्या म्हणायचा, "लय चांगलं हुतं."

बनुआज्जी म्हणायची, "लय चांगलं."

झालं. पुढं काय? माशा मारत बसायचं आन घराकडं जायचं.

मग एकदा बाई गुळावरचं काय तरी वाचत हुती. मधीच थांबली, बोट कागदात ठिवलं, आन सहज म्हणली, "काहिलीतला रस झाला, हे कळायचं कसं हो?"

गुंडातात्या म्हणला, "वासावरनं."

"वासावरनं कुठलं? फेसावरनं," बनुआज्जी म्हणली. "फेस बारीक पडाय लागला की गार पाण्यात थेंब सोडायचा. बोटानं गोळी वळली तर उतरवायची."

"गोळी मागनं. आधी वास."

"तुझं नाक म्हंजे तपकिरीची डबी, तुला कसला वास येतोय?"

दिवं लागणीपतूर भांडण चाललं. बाईला तवा उमगलं. ह्या माणसांस्नी मोठं विचारलं की ती गप्प बसत्यात, बारकं विचारलं की उघडत्यात. तवापास्नं तिनं तीच रीत धरली. चार वळी वाचायच्या, थांबायचं. पहिलं काय केलं, हात कुठला, कुठनं आणलं, असलं मुठीत मावंल एवढंच विचारायचं. "का" म्हणून कवाच विचारायचं न्हाई. "का" म्हणलं की म्हातारा माणूस कोर्टात उभा केल्यागत बघतो. आन विचारून झालं की आपण गप. बाई तवा मांडीवरल्या सुपात तांदूळ निवडत बसायची. आपण बोललो तर त्येंचं बोलणं आत जातंय, म्हणायची. दोघांचं जुळलं न्हाई तर कोण खरं ह्ये ठरवायची न्हाई. एकच पुसायची, "तेव्हा तुम्ही कुठं उभे होता?" निम्मी भांडणं तिथंच मिटायची. दोघं दोन काठावर असायची, आन दोघांचंबी खरं असायचं.

अजून एक रीत हुती बैठकीची, ती ध्यानात ठेवा. ज्याला येता आलं न्हाई, त्याच्या घरावरनं कुणीतरी जायचं. काय वाचलं, कोण काय बोललं, ते सगळं त्याला सांगायचं. त्याला "घरावरनं जाणं" म्हणायचे. ज्यानं अंगावर घेतलं त्यानंच जायचं, दुसऱ्यानं मधी तोंड घालायचं न्हाई. न्हाईतर आजारी माणसाच्या दारात पाच जण पाच गोष्टी सांगायला जात्यात, आन त्याच्या बायकोला पाच चहा करायला लागत्यात.

बैठकीत नानासो सुभेदार हुता. मिलिटरीतनं आल्याला, आवाज खणखणीत. बाईच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला तवापास्नं वाचायचं काम त्याच्याकडं आलं. वाचता वाचता त्यो विचारायलाबी शिकला. बोट कागदात ठेवायचा, बाईगतच थांबायचा, आन बारकंच विचारायचा. बाईला त्याचं लय कौतिक. चाळीस पोरांच्या वर्गात एखादंच असं निघतंय, म्हणायची.

आन हुता मौलाचाचा. त्यो मूळचा मिरजेचा. हयात तंबोऱ्याचे भोपळे घासण्यात गेली, म्हातारपणी बायकोच्या गावात येऊन ऱ्हायला. बायको झुबेदा, तिचं एक अंग लुळं पडल्यालं. घर नदीकडच्या गल्लीत. महापुराच्या साली पाणी असं चढलं, की झुबेदाला उचलायची कुणी? तवा ह्यो नानासो गळ्याएवढ्या पाण्यातनं आला, तिला पाठंगुळी घेतली आन नावंत नेऊन ठिवली. सगळ्या गल्लीनं बघितलं. तवापास्नं मौलाचाचा नानासोला सख्ख्या भावाच्या वर मानायचा.

पर मौलाचाचाच्या डोक्यातनं ती रात जाईना. त्याला एकच पायजे हुतं. गावात जिथं पाणी सगळ्यात शेवटी येतंय, तिथं दोन खोल्या बांधायच्या. "पाणी येऊच नये असं म्हणत न्हाई मी," म्हणायचा, "शेवटी यावं. झुबेदाला काढायला मला येळ लागतो." कुणी भेटला की हेच.

एका बेस्तरवारी मौलाचाचा बैठकीला नव्हता. झुबेदाला घेऊन मिरजेला दवाखान्यात गेल्याला. नानासोनं पेपर उघडला. पावसाळा तोंडावर आल्याला, त्यामुळं पुराचंच छापल्यालं. महाबळेश्वराला पाऊस किती पडला की काय करायचं, कोयनेतनं पाणी सोडलं की सांगलीला कवा पोचतंय, असलं. चार वळी वाचल्या, बोट ठिवलं.

"तात्या," नानासो म्हणला, "पाणी चढतंय का उतरतंय, ह्ये नावंत बसून कळायचं कसं?"

गुंडातात्याची नाव हुती एके काळी. तात्या लगीच सावरून बसला. "केरावरनं. चढत्या पाण्यात केर कडंला येतो. उतरत्या पाण्यात मधी जातो. पेपरवाल्याला ठाव न्हाई ते."

"पेपरवाला कशाला केर बघंल? त्यो पुलावरल्या रंगवल्याल्या फुटपट्टीकडं बघतोय," बनुआज्जी म्हणली.

"तू काहिलीतनं गेल्तीस तवा केर बघितलास व्हय?"

"म्या डोळं मिटल्यालं हुतं," आज्जी म्हणली, आन सगळी हसली. आज्जी लगीन होऊन आली त्या सालचा मोठा पूर. नाव एका फेरीला पुरंना, तवा गुऱ्हाळावरच्या काहिलीत, गूळ शिजवायच्या त्या थोरल्या कढईत, बसवून नव्या नवरीला पल्याड काढल्याली. काहील गोल. वल्हं मारलं की पुढं जायाच्या जागी सोताभवती फिरायची. आज्जीला त्या दिशीपास्नं पाळणा बघितला तरी गरगरतं.

नानासोनं हसू दिलं सगळ्यांस्नी. मग कागद जरा वर धरला आन म्हणला, "आन त्या पुरात, पाणी गावात पहिलं कुठनं आलं?"

आता बघा. ह्यो प्रश्न बाईच्याच घडणीचा. बारका, साधा, मुठीत मावणारा. बाईच्या सुपातला हात थांबला, मनात म्हणली, शिकला गडी.

"घाटावरनं," गुंडातात्या म्हणला. "दुसरं कुठनं येणार?"

"घाटावरनं न्हाई," बनुआज्जी म्हणली. "मागनं."

"मागं नदी हाय व्हय तुझी?"

"नदी पुढं हाय म्हणूनच तुला मागचं दिसलं न्हाई."

बाईनं विचारलं, "तात्या, तेव्हा तुम्ही कुठं उभे होता?"

"नावंत. घाटाला."

"आणि आज्जी, तुम्ही?"

"मागल्या गोठ्याच्या माळ्यावर. सासूनं कडबा काढायला चढवल्याली." आज्जी आता पुढं सरकली, हातानं दाखवायला लागली. "घाटाच्या पायऱ्या अजून चार-पाच मोकळ्या हुत्या. माणसं तिथं उभं राहून पाणी बघत हुती. आन हिकडं मागनं वगळ हुती ती. वगळ म्हंजे बारका वढा, मळ्यातनं येऊन खाली नदीला मिळायचा. नदी फुगली की वढ्याचं पाणी नदीत जाईना, उलटं नदीच वढ्यात शिरली. वाजलं न्हाई काय न्हाई. आधी बेडकं आली, मग शेणाच्या गवऱ्या तरंगाय लागल्या. म्या वरनं वरडली, पर कोण ऐकतंय? सगळी घाटावर. मागं वळून बघूस्तवर गावाबाहीर जायाची वाट गेल्ती. नदी लांब दिसती म्हणून माणूस निवांत बसतंय, आन वाट आधी जाती."

"वगळ आता कुठं हाय?" बाईनं विचारलं. ती उपरी, तिनं कवा बघितल्यालीच न्हाई.

"आता कुठली? ह्याच्या बापानं बुजवली की." आज्जीनं नानासोकडं बोट केलं. "बैलं लावून सपाट केली, ऊस लावला. आता ह्यानं त्याच्यावर मुरूम टाकून रस्त्याबरोबर केलंय. तुझ्या बापानं बुजवली रं नानासो, पर पाण्याला कुणी सांगितलं न्हाई."

सगळी हसली. नानासोबी हसला. परवाच्या महापुरात तिथं पहिलं पाणी आलं का, ह्ये कुणालाच ठाव नव्हतं. सगळी आधीच नावंत बसून गेल्याली, आन रानात तर नुसता ऊस. उसाला कोण विचारणार?

उठताना बाई म्हणली, "मौलाचाचांच्या घरावरनं कोण जातंय?"

"मी जातो," नानासो म्हणला. "माझ्या वाटंवरच हाय."

दुसऱ्या कुणी मग तोंड घातलं न्हाई. रीतच तशी.

मिरगानंतर एका बेस्तरवारी मौलाचाचा पेढ्याचा पुडा घेऊन आला. एकेकाच्या हातावर पेढा ठिवत म्हणला, "बाई, जागा झाली माझी, नानासोनंच इकली मला. कागद झालं. भावकी आडवी यील म्हणून नानासो म्हणला, होईपतूर बोलू नको. म्हणून गप हुतो." मग नानासोच्या खांद्यावर हात ठिवून म्हणला, "रस्त्याकडंची जागा, मुरूम टाकल्याली. पाणी सगळ्यात शेवटी तिथं येतंय."

बनुआज्जीचा पेढा हातातच ऱ्हायला. गुंडातात्या क्रेट खरवडाय लागला.

बाईला पहिल्यांदा वाटलं, आपलं काय तरी चुकतंय. नानासो असं करंल? पाठंगुळी घेऊन झुबेदाला काढल्याला माणूस. तिनं सूप खाली ठिवलं. आन तिला दुसरं काय येत नव्हतं, म्हणून तिनं बारकंच विचारलं.

"चाचा, मागं तुम्ही मिरजेला गेला होता. त्या दिवशी काय वाचलं, ते नानासोनं सांगितलं का?"

"सगळं सांगितलं की," मौलाचाचा म्हणला. "चढत्या पाण्यात केर कडंला येतो. आज्जी काहिलीतनं गेल्त्या, डोळं मिटून. झुबेदा इतकी हसली, किती दिसांनी हसली."

"आणि पाणी पहिलं कुठनं आलं, ते?"

"घाटावरनं. गुंडातात्या बघत हुते की."

एकबी शब्द खोटा नव्हता, बघा. तात्या असंच म्हणला हुता. नानासोनं त्येवढंच नेलं आन बाकीचं वाटंत टाकलं. आता तिला त्या दिशीचा प्रश्न कळला. नानासोला माहिती पायजे नव्हती, बापानं बुजवल्याली वगळ त्याला ठावच हुती. अजून कुणाला आठवतंय का, एवढंच त्याला बघायचं हुतं. आन एकट्या म्हातारीला आठवतंय म्हणल्यावर त्यानं कागद उरकून घेतलं.

बाई बनुआज्जीकडं वळली. "आज्जी, तुम्ही सांगा. पाणी पहिलं कुठनं आलं?"

आज्जीनं नानासोकडं बघितलं. नानासोनं धमकावलं न्हाई, नुसता चष्मा पुसत बसला. पर आज्जीचं रान त्याच्या रानाला लागून. वाट त्याच्या बांधावरनं. पाईपलाईनीचं पाणी त्याच्या मोटारीवरनं.

"मला आता आठवत न्हाई, बाई," आज्जी म्हणली.

"तात्या?"

"मी घाटाला हुतो," गुंडातात्या म्हणला, "मला मागचं काय ठाव?"

इतकी वरसं बाईनं त्या शेडीत कुठल्याच प्रश्नाचं उत्तर सोता दिलं नव्हतं. आता कुणीच बोलंना, तवा तिनं दिलं. "मागनं आलं, चाचा. वगळीतनं. तुमची जागा वगळीवर आहे. मुरूम टाकलाय म्हणून जोतं राहील, पण वाट आधी जाईल. आज्जींनी सांगितलं होतं. नानासोच्या समोर."

मौलाचाचानं खांद्यावरला हात काढला न्हाई. तसाच ठिवून नानासोकडं बघितलं. बैठकीत बसून त्योबी शिकल्याला हुता. हळूच म्हणला, "नानासो, आज्जी सांगत हुत्या तवा तू कुठं हुतास रं?"

"हितंच," नानासो म्हणला. "ह्याच क्रेटवर." मग पेपरची घडी घातली. "म्हातारीचं ऐकून कुणी जागा घेतं का सोडतं? पूर आला तर सगळ्यांस्नीच येणार. आला तर पुन्हा पाठंगुळी घीन की वहिनीस्नी. एकदा न्हाई का घेतली?"

तवा मौलाचाचानं हात काढला. हात काढताना मी बघितलाय, असं गुंडातात्या मागनं सांगायचा. गरम तव्यावरनं काढल्यागत.

झालं. कोण भांडलं न्हाई. मौलाचाचा जागा परत घे म्हणायला गेला न्हाई, आन नानासोनं दिऊ केली न्हाई. जागंवरची मुरमाची भर तशीच पडून ऱ्हायली, घाणेरीची झुडपं वाढली. मौलाचाचा नदीकडच्या गल्लीतच ऱ्हायला. नानासो बैठकीला यायचा थांबला. पर खरं मोडलं ते दुसरंच. बाई भिंग घिऊन वाचायची, बोट ठेवायची, बारकं विचारायची. भाताला पहिलं पाणी कवा द्यायचं? जनावर गाभण हाय ह्ये ओळखायचं कसं? आन म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायची. ह्या प्रश्नामागं कोण हाय, कुणाचं काय आडलंय, असं डोळ्यात दिसायचं.

"ते लय चांगलं हुतं," गुंडातात्या म्हणायचा.

बनुआज्जी तर यायचीच बंद झाली.

बाई मला एकदा म्हणली, मी त्यांच्याकडनं काढून घेत होते हे मला कधी वाटलंच नाही, मला वाटायचं मी नुसती दार उघडते. मी म्हणलं, बाई, दार उघडं दिसलं की चोरबी येतंय.

मग पुढच्या सालच्या आषाढात पाऊस लागला. पूर असा न्हाई, पर वरनं पाणी सोडल्यालं, नदी घाटाच्या मधल्या पायऱ्यांवर आल्याली. गावातली निम्मी माणसं घाटावर उभी. बाई छत्री घेऊन तिकडं न जाता मागं गेली, त्या जागंवर. बघते तर मौलाचाचा आधीच उभा. थोड्या येळानं बेडकं आली. मग मुरमाच्या कडंनं, काय आवाज न करता, पाणी आलं. रस्त्याकडच्या अंगाला आधी. चपला भिजल्यावर दोघांस्नी कळलं.

"आलं," मौलाचाचा म्हणला.

मागनं कुणीतरी चिखलातनं येत हुतं. बनुआज्जी. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, हातात काठी. नानासोच्या बांधावरनंच आल्ती. ती त्या दोघांच्या शेजारी उभी ऱ्हायली, पाण्याकडं बघितलं, आन काठीनं दाखवलं.

"हितनंच," म्हणली. "तवाबी हितनंच."

का गप बसली हुतीस, असं बाईनं विचारलं न्हाई. "का" ती विचारतच नव्हती. आन मौलाचाचानं नुसती मान हलवली. त्याला आता ते सांगून काय उपेग? पर आज्जी उभीच ऱ्हायली, त्येंच्या संगट, पाणी घोट्याला लागंपतूर.

बैठक अजून हाय. तिघं-चौघं येत्यात. पहिल्यागत भांडणं न्हाईत. बाईनं वाचायचं काम परत आपल्याकडं घेतलंय, डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं तिनं मिरजेला. नानासो रस्त्यात भेटला की नमस्कार करतो, ती करत न्हाई. एवढीच गोष्ट.

चहा आला बघा. घ्या. आन काम सांगतो म्हणलं हुतं, ते ऐका. आज आपल्यात अर्जुना आल्याला न्हाई, पाय मुरगळून पडलाय घरात. कुणाच्या वाटंवर असंल त्यानं जाताना त्याच्या घरावरनं जावा. केराचं सांगा, काहिलीचं सांगा, त्याला हसवा. आन पाणी मागनं आलं, तेबी सांगा. तेवढं वाटंत टाकू नका.